आयगेनव्हॅल्यू एकदाच काढा

इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पेपरात हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. एका मॅट्रिक्सच्या, म्हणजे A च्या, आयगेनव्हॅल्यू २, ३ आणि ५ आहेत. तर A च्या इन्व्हर्सच्या, A च्या घनाच्या आणि A − ४I च्या आयगेनव्हॅल्यू सांगा. उत्तर तीन ओळींचं आहे. इन्व्हर्सच्या १/२, १/३, १/५. घनाच्या ८, २७, १२५. आणि A मधून ४I वजा केल्यावर −२, −१, १. ज्याला युक्ती ठाऊक नाही तो घन करायला बसतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की प्रश्नात मॅट्रिक्स दिलेलीच नाही.

दोन-तीन गुण मिळतात आणि प्रश्न डोक्यातून जातो. पण पूल, टर्बाइन आणि विमानं यांची कंपनं मोजणारी माणसं हीच युक्ती रोज वापरतात, आणि तीही जरा उलट्या अंगाने. त्यांच्यासमोर मॅट्रिक्स असते, आयगेनव्हॅल्यू नसतात. इन्व्हर्स, घात आणि वजाबाकी यांचा उपयोग ते हवी ती आयगेनव्हॅल्यू कोपऱ्यात गाठण्यासाठी करतात. हे कसं चालतं ते एका तीन मजली इमारतीवर पाहू.

इमारतीचा हिशेब सोपा करून घेऊ. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबचं वजन १०० टन, आणि दोन स्लॅबमधले खांब म्हणजे एक स्प्रिंग. सगळ्या मजल्यांचे खांब सारखेच ताठ. स्लॅब फक्त आडवे, डावी-उजवीकडे हलतात असं धरलं, तर कोणता स्लॅब किती सरकवून धरायला किती बळ लागेल हे पुढच्या नऊ आकड्यांत मावतं. एकक आपण खांबांच्या ताठपणाचंच घेतलं आहे.

```
K =   २   −१    ०
     −१    २   −१
      ०   −१    १
```

पहिल्या स्लॅबला वर आणि खाली दोन्हीकडे खांब आहेत म्हणून २, शेवटच्याला फक्त खाली म्हणून १, आणि शेजारचे मजले एकमेकांना ओढतात म्हणून −१. आता इमारत कशीही हलवली तर तिची हालचाल वेडीवाकडी दिसते. पण काही आकार असे असतात की इमारत त्या आकारात एकदा झुकवून सोडली, की ती तोच आकार राखून मागे-पुढे होत राहते. अशा आकाराला मॅट्रिक्स लावली की आकार तोच राहतो, फक्त एका आकड्याने गुणला जातो. तो आकार म्हणजे आयगेनव्हेक्टर आणि तो आकडा आयगेनव्हॅल्यू, म्हणजे Kv = λv. आकडा जितका मोठा तितकं कंपन जलद. आपल्या इमारतीचे तीन आकडे आहेत साधारण ०.१९८, १.५५५ आणि ३.२४७. ते आत्ताच सांगून ठेवले, म्हणजे पुढे हाती येणाऱ्या आकड्यांशी ताडून पाहता येतील.

इंजिनिअरला यांतला सर्वांत लहान आकडा सर्वांत आधी हवा असतो, कारण भूकंपात किंवा वाऱ्यात इमारत बहुतांशी त्याच संथ झोक्याने हलते. खांबांचा ताठपणा मीटरला २ लाख किलोन्यूटन धरला, तर ०.१९८ वरून एका झोक्याचा काळ ०.३२ सेकंद निघतो. जितके मजले तितके दशांश सेकंद, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा. तोही इथे ०.३ सेकंदच सांगतो.

पण अडचण अशी की हाताशी असलेली सर्वांत साधी पद्धत मोठा आकडा शोधून देते, लहान नाही. ती पद्धत म्हणजे कोणताही आकार घ्या, त्याला मॅट्रिक्सने पुन्हा पुन्हा गुणा. रिखार्ड फॉन मीझेस आणि हिल्डा गायरिंगर यांच्या १९२९ च्या लेखापासून ती प्रसिद्ध झाली. ती का चालते याचं उत्तर घातांच्या नियमात आहे. v हा आयगेनव्हेक्टर असेल तर एकदा गुणल्यावर λv मिळतो, दुसऱ्यांदा λ²v, n वेळा गुणल्यावर λⁿv. म्हणजे Kⁿ च्या आयगेनव्हॅल्यू λⁿ आहेत आणि आकार तेच. आता कोणताही सुरुवातीचा आकार हा या तीन आकारांची बेरीजच असतो. गुणत गेलो की प्रत्येक भाग आपापल्या आकड्याने फुगतो आणि ज्याचा आकडा मोठा तो बाकीच्यांना झाकून टाकतो. K ने गुणत राहिलो तर हाती येईल ३.२४७ चा आकार, इमारतीचा सर्वांत जलद थरकाप. त्याची आपल्याला घाई नाही.

इथे इन्व्हर्स कामाला येतो. Kv = λv या ओळीवर दोन्ही बाजूंनी K चा इन्व्हर्स लावा, मग λ ने भागा. उरतं K⁻¹v = (१/λ)v. आकार तोच, आकडा उलटा. जो सर्वांत लहान होता तो आता सर्वांत मोठा झाला. आपल्या इमारतीचा इन्व्हर्स तर डोळ्यांना सुखावणारा आहे.

```
K⁻¹ =  १   १   १
       १   २   २
       १   २   ३
```

याला इंजिनिअर लवचिकतेची मॅट्रिक्स म्हणतात, आणि तिचा अर्थ बोट ठेवून दाखवता येतो. शेवटचा स्तंभ वाचा. सर्वांत वरच्या स्लॅबला एक एकक बळाने ढकललं तर पहिला स्लॅब १ सरकतो, दुसरा २ आणि तिसरा ३, कारण तिन्ही मजल्यांचे खांब तेवढेच झुकतात.

आता गुणायला घेऊ. सुरुवात १, १, १ अशी, म्हणजे तिन्ही स्लॅब सारखेच सरकलेले. एकदा गुणल्यावर ३, ५, ६. पुन्हा गुणल्यावर १४, २५, ३१. मग ७०, १२६, १५७. मग ३५३, ६३६, ७९३. वरच्या स्लॅबचा आकडा प्रत्येक पायरीला किती पट झाला ते पाहा: ३१ ला ६ ने भागून ५.१६७, मग ५.०६५, मग ५.०५१. आणखी एक पायरी चढलो की ५.०४९. त्याला उलटा केला की ०.१९८. आकारही मिळाला, पहिला स्लॅब ३५३ सरकला तर वरचा ७९३. कागद-पेन्सिलीवर, पूर्णांकांच्या बेरजांत काम झालं. इतक्या लवकर जमलं, कारण इन्व्हर्सच्या आयगेनव्हॅल्यू ५.०४९, ०.६४३ आणि ०.३०८ आहेत. चार पायऱ्यांत पहिला भाग सुमारे ६५० पट झाला आणि दुसरा ०.१७ वर आला. स्ट्रक्चरल डायनॅमिक्सच्या पुस्तकांत हे काम स्टोडोला पद्धत या नावाने भेटतं. ऑरेल स्टोडोला झ्युरिकला टर्बाइनवर काम करत, आणि फिरणाऱ्या दांड्याचा धोक्याचा वेग काढायला त्यांना असाच सर्वांत संथ आकार हवा होता.

उत्तर बरोबर आहे का हे पाहण्याची एक फुकटची चाचणी आहे. कोणत्याही मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज म्हणजे तिच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यूंची बेरीज. K च्या कर्णावर २, २, १, बेरीज ५, आणि ०.१९८, १.५५५, ३.२४७ यांची बेरीजही ५. इन्व्हर्सच्या कर्णावर १, २, ३, बेरीज ६, आणि ५.०४९, ०.६४३, ०.३०८ मिळूनही ६. परीक्षेत आयगेनव्हॅल्यू उलट्या करताना अपूर्णांकाचा घोळ झाला असेल तर तो इथे पकडला जातो.

सर्वांत मोठा आकडा साध्या गुणाकाराने मिळाला, सर्वांत लहान इन्व्हर्सने. मधल्या १.५५५ चं काय? तो कुठल्याच टोकाला नाही. त्याच्यासाठी तिसरा नियम, आणि माझ्या मते तिघांतला हाच खरा कामाचा. मॅट्रिक्समधून sI वजा करणं म्हणजे फक्त कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून s वजा करणं. (K − sI)v = Kv − sv = (λ − s)v. आकार जागच्या जागी, आणि संख्यारेषेवरच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू एकत्रच s इतक्या डावीकडे सरकल्या. मधली आयगेनव्हॅल्यू साधारण दीडच्या आसपास असेल असा अंदाज असेल तर s = १.५ घ्या. तीन आकडे होतात −१.३०२, ०.०५५ आणि १.७४७. मधला शून्याला जवळजवळ टेकला. आता इन्व्हर्स घेतला की तो उसळून १८.१९६ होतो आणि बाकीचे दोन −०.७६८ आणि ०.५७२ वर राहतात. हवी ती आयगेनव्हॅल्यू टोकाला आणून ठेवली.

ही सरकवून उलटं करण्याची कल्पना हेल्मुट व्हीलांट यांनी १९४४ साली मांडली. ते पुढे ग्रुप थिअरीसाठी नावाजले गेले, पण युद्धकाळात ते गटिंगेनच्या वायुगतिशास्त्र संस्थेत होते, आणि तिथे प्रश्न होता विमानाचे पंख फडफडू लागण्याचा.

आपल्या इमारतीवर करून पाहू. इन्व्हर्स प्रत्यक्ष काढायची गरज नाही, दर वेळी तीन समीकरणं सोडवली की झालं. K − १.५I अशी दिसते:

```
 ०.५   −१      ०
−१      ०.५   −१
 ०     −१     −०.५
```

उजव्या बाजूला १, १, १ ठेवून सोडवलं की उत्तर येतं ६, २, −६. हेच उत्तर उजव्या बाजूला ठेवून पुन्हा सोडवलं की ११६, ५२, −९२. पुन्हा एकदा, आणि २१०४, ९३६, −१६८८. पडताळा घ्यायचा तर पहिली ओळ पाहा: २१०४ चे अर्धे १०५२, वजा ९३६, उरले ११६. तिसऱ्या पायरीला पहिला आकडा १८.१४ पट झाला. त्याला उलटा करून १.५ मिळवला की १.५५५१. खरं उत्तर १.५५५०. आकारही हाती आला. पहिला आणि दुसरा स्लॅब एका बाजूला जातात आणि वरचा उलट बाजूला. तीन पायऱ्यांत, तेही ज्या सुरुवातीचा या आकाराशी फारसा संबंध नव्हता तिथून.

परत येताना क्रम मात्र सांभाळावा लागतो. आधी वजाबाकी केली, मग उलटं केलं. म्हणून परतताना आधी उलटं करायचं आणि मग १.५ मिळवायचे. १८.१४ मध्ये १.५ मिळवून मग उलटं करणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात, आणि त्यांचं उत्तर ०.०५ येतं. इमारतीची सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू ०.१९८ असताना ०.०५ कुठून आलं, एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी चूक सापडते.

आता एक भीती. s जितका आयगेनव्हॅल्यूच्या जवळ, तितकं चांगलं; पण अगदी जवळ गेलो तर मॅट्रिक्स जवळजवळ इन्व्हर्स नसलेली होते, आणि अशी समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवली की उत्तरात मोठी चूक शिरते हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं. मग ही पद्धत स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते का? जी. पीटर्स आणि जे. एच. विल्किन्सन यांनी १९७९ साली याचा नीट उलगडा केला. चूक खरंच मोठी असते, पण ती जवळजवळ पूर्णपणे आपल्याला हव्या असलेल्या आकाराच्याच दिशेने असते. उत्तराची लांबी चुकते, दिशा बरोबर राहते, आणि आपल्याला दिशाच हवी असते. या बाबतीत पुस्तकी भीती बाजूला ठेवायला हरकत नाही. s बरोब्बर आयगेनव्हॅल्यूवर पडला आणि भाजक नेमका शून्य झाला तरच थांबावं लागतं. तेव्हा s किंचित हलवायचा.

शून्याचीच दुसरी गोष्ट. जमिनीला न बांधलेली वस्तू, उदाहरणार्थ उडणारं विमान किंवा उपग्रह, तिला आकार न बदलता नुसतं सरकता किंवा फिरता येतं. त्याला कुठलंच बळ आड येत नाही, म्हणून तिच्या मॅट्रिक्सच्या काही आयगेनव्हॅल्यू शून्य असतात. शून्याचा उलटा आकडा नाही, तसाच त्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्सही नाही, आणि प्रोग्रॅम पहिल्याच पायरीला अडून बसतो. उपाय पुन्हा वजाबाकीचाच: s ऋण घ्यायचा, म्हणजे कर्णावर थोडं वाढवायचं. सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्यापासून उजवीकडे सरकतात, इन्व्हर्स अस्तित्वात येतो, आणि शेवटी वाढवलेलं वजा करून टाकायचं.

या युक्तीच्या मर्यादा कुठे सुरू होतात हेही इमारतच दाखवते. पुण्या-मुंबईत तळमजल्यावर पार्किंग ठेवून वर घरं बांधतात, तेव्हा खालच्या मजल्यात विटांच्या भिंती नसतात आणि तो वरच्यांपेक्षा मऊ पडतो. २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादमधल्या अशा कितीतरी इमारती खालच्या मजल्यातूनच बसल्या. आपल्या हिशेबात तळाच्या खांबांचा ताठपणा निम्मा करू. K मध्ये फक्त पहिला आकडा बदलतो, २ चा १.५ होतो. मॅट्रिक्समधून काहीतरी वजा केलं, मग आयगेनव्हॅल्यूंतूनही ते वजा करू, असा मोह होतो. तो चुकीचा आहे. वजाबाकीचा नियम चालतो तो कर्णावरच्या सगळ्या आकड्यांतून सारखंच वजा केलं तरच. एकाच जागी बदल केला की आकारही बदलतात आणि सगळं नव्याने काढावं लागतं. इन्व्हर्समध्ये पाहा, नऊच्या नऊ आकड्यांत १ ची भर पडते:

```
२   २   २
२   ३   ३
२   ३   ४
```

पुन्हा १, १, १ पासून गुणत गेलो तर ६, ८, ९, मग ४६, ६३, ७२, मग ३६२, ४९७, ५६९, आणि पट ७.८९ वर स्थिरावते. कर्णाची बेरीज ६ वरून ९ झाली, म्हणजे आयगेनव्हॅल्यूंच्या वाट्याला एकूण ३ आले. समान वाटणी झाली असती तर ५.०४९ ची ६.०४९ झाली असती. प्रत्यक्षात तिनंच जवळजवळ सगळं, २.८४, गिळून टाकलं, आणि झोक्याचा काळ ०.३२ वरून ०.३९ सेकंदांवर गेला. एकंदरीत दोन मॅट्रिक्सच्या बेरजेच्या आयगेनव्हॅल्यू म्हणजे आयगेनव्हॅल्यूंची बेरीज, असा काही नियम नाही.

घातांच्या नियमाचंही तसंच आहे. तो पुढे जाताना भरवशाचा, मागे येताना नाही. K² ची आयगेनव्हॅल्यू ९ आहे एवढंच कळलं तर K ची ३ होती की −३, हे वर्गानं पुसून टाकलेलं असतं. इमारतीच्या बाबतीत सगळ्या धन असतात हे माहीत असल्यामुळे निभावतं, इतरत्र नाही. आकारही हरवू शकतात. प्रतल ९० अंशांत फिरवणारी मॅट्रिक्स घ्या. ती एकही दिशा जागेवर ठेवत नाही, पण तिचा वर्ग प्रत्येक दिशेला −१ ने गुणतो.

मोठ्या कामात इन्व्हर्स कधीच लिहून काढत नाहीत, याचं कारण वरच्या दोन मॅट्रिक्समध्येच दिसतं. K मध्ये दोन जागी शून्य आहे, K⁻¹ मध्ये एकाही जागी नाही. एक लाख अज्ञातं असतील तर K मध्ये बहुतेक सगळी शून्यंच असतात आणि ती साठवावी लागत नाहीत. पण पूर्ण भरलेल्या इन्व्हर्सला सुमारे ८० गिगाबाइट जागा लागेल. म्हणून K − sI चे एकदाच घटक पाडतात आणि दर पायरीला तेच वापरून समीकरणं सोडवतात.

या घटक पाडण्यात एक माहिती आपसूक हाती येते. आपल्या K − १.५I मध्ये एकेक अज्ञात काढत गेलो की कर्णावर उरतात ०.५, −१.५ आणि ०.१६७. यांत ऋण आकडा एक आहे. सममित मॅट्रिक्समध्ये जितके ऋण आकडे तितक्या आयगेनव्हॅल्यू s च्या खाली, हा नियम, इथे १.५ च्या खाली एकच, ०.१९८, हे जुळतं. मोठ्या पुलाच्या हिशेबात एखादं कंपन नजरेतून निसटलं का, ते असं मोजून कळतं. ५ च्या खाली सात ऋण आले आणि यादीत सहाच आकडे असतील, तर एक राहिलाय.

हेच सगळं आता एका ओळीत होतं:

```
from scipy.sparse.linalg import eigsh
w, v = eigsh(K, k=1, sigma=1.5)
```

`sigma` म्हणजे आपला s. प्रोग्रॅम स्वतः वजाबाकी करतो, समीकरणं सोडवतो आणि परत येऊन 1.55495813 दाखवतो. फक्त एक खोच आहे. जवळची आयगेनव्हॅल्यू हवी म्हणून `which='SM'`, म्हणजे सर्वांत लहान, असं लिहायचा मोह होतो. पण `sigma` दिला की लहान-मोठं ठरतं ते उलट्या केलेल्या आकड्यांवर, १८.१९६, −०.७६८ आणि ०.५७२ यांच्यावर. त्यांतला सर्वांत लहान ०.५७२, आणि पडद्यावर येतं ३.२४७, नेमकी सर्वांत दूरची. इथे `which` लिहूच नये. काही न लिहिता तो सर्वांत मोठा म्हणजे १८.१९६ च धरतो.